थेंबे थेंबे… पुढे काय? म्हण वळवून लहान मुलांच्या बचत खात्याचं स्लोगन कसं करायचं

२०२५ च्या पावसाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका छोट्या सहकारी बँकेसाठी मी मुलांच्या बचत खात्याचं स्लोगन लिहून दिलं. काम दोन ओळींचं वाटत होतं पण महिना गेला. एक पॅम्प्लेट छापून परत घ्यावं लागलं, तीनदा चाल बदलली, आणि शेवटी जे निघालं ते चार शब्दांचं होतं. तुम्हाला कोणी असं काम दिलं असेल, म्हणजे बँकेनं, शाळेनं, किंवा ओळखीतल्या मॅनेजर काकांनी "म्हणीवर काहीतरी छान करून द्या ना" असं म्हटलं असेल, तर मी ज्या क्रमानं शिकलो त्या क्रमानं खाली लिहितोय. एकच म्हण घेतो, थेंबे थेंबे तळे साचे, कारण बचत म्हटली की सगळे पहिल्यांदा तिथेच जातात आणि चुकतातही तिथेच.

बसण्याआधी जवळ काय हवं

- बँकेच्या लहान मुलांच्या खात्याचे नियम, लेखी. तोंडी सांगितलेले नको.
- खातं उघडताना कमीत कमी किती पैसे लागतात आणि नंतर खात्यात किती ठेवावे लागतात, हे दोन आकडे.
- कागदपत्रांची यादी. साधारण मुलाचा जन्मदाखला, आधार, फोटो आणि आईवडिलांचं केवायसी असतं, पण बँकेची स्वतःची यादी मागून घ्या कारण पॅम्प्लेटच्या मागच्या बाजूला तीच जाते.
- एक जाड म्हणींचा कोश. मोबाईलवरच्या याद्यांमध्ये म्हणी अर्धवट असतात.
- वही आणि पेन. स्क्रीनवर अक्षरं मोजताना हमखास चुकतं.
- आणि आठ ते बारा वयाची चारपाच पोट्टे, आपल्याच गल्लीतली.

१. आधी खातं समजून घ्या, म्हणीकडे नंतर या

मी उलटं केलं होतं, आधी म्हणी काढून बसलो. तसं करू नका. खात्यात मुलाच्या दृष्टीनं नवीन काय आहे ते शोधा, कारण स्लोगन त्याच एका गोष्टीवर उभं राहतं.

आता रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक २१ एप्रिल २०२५ चं आहे. त्यात म्हटलंय की कोणत्याही वयाच्या मुलाचं खातं आईवडील किंवा कायदेशीर पालक उघडू शकतात, पालक म्हणून आईसुद्धा चालते, आणि दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँकेला वाटलं तर स्वतःचं खातं स्वतः उघडू देता येतं आणि चालवू देता येतं. किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटींवर ते ज्या त्या बँकेनं ठरवायचं. खात्यात उधारी होत नाही, शिल्लक नेहमी जमेतच पाहिजे. मूल अठराचं झालं की नवी सही घ्यायची. हे नागरी सहकारी बँकांनाही लागू आहे आणि १ जुलै २०२५ पर्यंत सगळ्यांना आपापली धोरणं त्याप्रमाणे करायला सांगितली होती.

मी मॅनेजर साहेबांना विचारलं की तुमच्याकडे दहा वर्षांच्या पोराला स्वतः सही करून पैसे काढता येतील का, ते म्हणाले हो, छोट्या रकमेपर्यंत. झालं, मला माझा शब्द मिळाला. तो शब्द होता "माझं". पैसे बाबांच्या खात्यात नाही, आईच्या पर्समध्ये नाही, माझ्या सहीच्या खात्यात. पण हे मला लगेच कळलं नाही, पुढे कळलं, म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

एक सूचना इथेच. काम देणारी संस्था बँक नसून पतसंस्था असेल तर स्लोगनमध्ये "बँक" शब्द घालू नका, त्यांना तो वापरता येत नाही. आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जो विमा असतो तो पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, त्यामुळे "सुरक्षित" हा शब्दही जपूनच.

२. म्हण मुलांच्या तोंडात जिवंत आहे का ते तपासा

म्हण वळवायची तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ म्हण आधी वाजली पाहिजे. ती वाजलीच नाही तर तुमचं वळण कोणाला दिसणारच नाही, नुसतं एक विचित्र वाक्य राहील.

तपासायची पद्धत एकदम सोपी आहे. म्हणीचे पहिले दोन शब्द म्हणायचे आणि गप्प बसायचं. मी आमच्या गल्लीत संध्याकाळी क्रिकेट संपल्यावर हेच केलं. "थेंबे थेंबे…" म्हटलं तर इंग्रजी शाळेतल्या पोट्ट्यानंही पटकन "तळे साचे" म्हटलं. "काखेत कळसा…" म्हटलं तर दोघांनी पूर्ण केली पण एकानं विचारलं काका कळसा म्हणजे मंदिरावरचा का. "अंथरूण पाहून…" मोठ्या पोरीलाच आली. म्हणजे नावडती झाली असं नाही, पण आठ वर्षांच्या मुलासाठी नको.

इथे आपल्या नागपूरची एक अडचण आहे. आपण रोजच्या बोलण्यात तळं म्हणत नाही, तलाव म्हणतो. फुटाळा तलाव, सोनेगाव तलाव, सक्करदरा तलाव. मग मुलांना "तळे" कळेल का अशी मला शंका होती. पण म्हणीत आलं की कळतं, कारण ते शब्द म्हणून नाही, आवाज म्हणून पाठ झालेलं असतं. "थेंबे थेंबे तलाव साचे" करून पाहिलं तर सगळे हसले, नुसतं ऐकूनच चुकीचं वाटलं त्यांना. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

३. म्हण फोडा, अक्षरं मोजा

वहीत असं लिहा:

थें-बे / थें-बे / त-ळे / सा-चे

आठ अक्षरं. चार शब्द, प्रत्येकी दोन अक्षरांचे. आणि बघा, चारही शब्द "ए" वर संपतात. बे, बे, ळे, चे. म्हण तोंडात बसते ती याच्यामुळे. शेवटचा शब्द "साचे" दोन्ही अक्षरांत लांब आहे, सा पण लांब आणि चे पण लांब, त्यामुळे ओळ तिथे नीट टेकते.

म्हणजे तुम्हाला वळण द्यायचं तर तीन गोष्टी सांभाळायच्या: अक्षरं आठ, प्रत्येक शब्दाचा शेवट ए, आणि शेवटचा शब्द दोन्हीकडे लांब. पहिले दोन शब्द हात लावायचेच नाहीत. ते गेले की म्हण गेली. बदल नेहमी मागच्या अर्ध्या भागात, कारण ऐकणारा मनात पुढचं म्हणतच असतो आणि तिथेच त्याला वेगळं ऐकू यायला हवं.

४. शब्द बदलून पाहा आणि प्रत्येक का पडतो ते लिहा

माझ्या वहीत हे होते.

"थेंबे थेंबे खाते साचे." सगळ्यात आधी हेच सुचतं आणि बँकेलाही हेच आवडतं. अक्षरं बरोबर, ए बरोबर. पण खातं साचत नाही. साचतं ते पाणी, कचरा, धूळ. आणि नागपुरात पावसाळ्यात "साचलं" हा शब्द काय घेऊन येतो ते वेगळं सांगायला नको, रस्त्यावर पाणी साचलं, कूलरमध्ये साचलं, डेंग्यू. तळ्यासोबत तो शब्द गोड आहे, तळं काढलं की त्याचा दुसरा अर्थ वर येतो.

"थेंबे थेंबे पैसे साचे." पैसे अनेकवचनी, साचे एकवचनी. शाळेत लावणार आणि मराठीच्या बाई पहिल्याच दिवशी लाल पेन काढणार, आणि त्यांचं बरोबर असेल.

"थेंबे थेंबे बँक भरे." बँक शब्द ए वर संपत नाही म्हणून ओळ तिथे अडखळते. पण खरी चूक अर्थाची आहे. पैसे मुलाचे आणि भरते कोण, तर बँक. बचतीच्या जाहिरातीत हे चालूच शकत नाही.

"थेंबे थेंबे खाते भरे." अर्थ ठीक. पण मोठ्यानं म्हणून पाहा, "भरे" मधला भ आखूड आहे, ओळ टेकायच्या आधीच सुटते. मी ही ओळ दोन दिवस धरून बसलो होतो, मुलांनी म्हटली तेव्हा तीनपैकी दोघांनी शेवटी आपोआप "साचे"च म्हटलं. कान ऐकत नाही हो, तो मूळ शब्द परत आणून बसवतो.

मग "माझं" आठवलं. क्रियापद काढून टाकलं तर? मराठी म्हणी बिनक्रियापदाच्या कितीतरी असतात, नाव मोठं लक्षण खोटं यात कुठे क्रियापद आहे.

"थेंबे थेंबे खाते माझे."

थें-बे थें-बे खा-ते मा-झे. आठ. चारही ए. माझे हे साचेसारखंच, आधी आ मग ए, दोन्ही लांब, त्यामुळे कानाला साचे ऐकल्याचं समाधान पण मिळतं आणि तोंडात माझे येतं. बोलणारं मूल आहे, बँक नाही. आणि दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं हा जो नियमातला भाग, तो एका शब्दात आला.

५. "खातं माझं" करू देऊ नका

हे लहानसं वाटेल पण इथे बरेच लोक घसरतात. बँकेत एक मॅडम होत्या, मनापासून म्हणाल्या की आजकाल कोणी खाते माझे बोलतं का, खातं माझं करा, जवळचं वाटेल. बोलण्यात त्यांचं खरंच होतं, मीही हा लेख तसाच लिहितोय. पण म्हण जुन्या लेखी रूपात गोठलेली आहे. कोणी "तळं साचं" म्हणत नाही. थेंबे थेंबे खातं माझं म्हटलं की पहिले दोन शब्द एका काळातले आणि पुढचे दोन दुसऱ्या, ए ची माळ तुटते. मी त्यांना दोन्ही मोठ्यानं म्हणायला सांगितलं, त्यांनी म्हटलं, आणि स्वतःच म्हणाल्या राहू द्या. मुख्य ओळीत लेखी रूप, खालच्या माहितीत बोली रूप, असं वाटून घ्या.

६. शेजारची म्हण आठवते का ते बघा

पॅम्प्लेट परत घ्यावं लागलं ते याच्यामुळे. मुख्य ओळीखाली बँकेला स्वतःचं एक वाक्य हवं होतं आणि मी लिहिलं, "थेंब तुम्ही आणा, तळे आम्ही राखू." सगळ्यांना आवडलं. दोनशे कॉपी छापल्या, काउंटरवर ठेवल्या. दुपारी एक आजोबा पेन्शनचं पासबुक भरायला आले, चष्मा वर करून पॅम्प्लेट वाचलं, आणि कॅशियरला शांतपणे म्हणाले, "बाप्पा, तळे राखी तो पाणी चाखी."

रांगेतले सगळे हसले. कॅशियर नाही हसला.

मी तेव्हा तिथेच होतो आणि मला अक्षरशः घाम फुटला, कारण म्हण मला येत होती, लहानपणापासून येत होती, फक्त लिहिताना आठवली नाही. जो सांभाळायला बसतो तो थोडं खातोच असा तिचा अर्थ, आणि ठेवीच्या पैशाबद्दल सहकारी बँकेच्या तोंडी हे वाक्य. त्याच संध्याकाळी सगळ्या कॉपी उचलल्या.

तेव्हापासून मी एक करतो. स्लोगनमधला प्रत्येक नामशब्द कोशात काढून त्याच्या सगळ्या म्हणी वाचतो. तळे, पाणी, थेंब, हंडा, दाम, जे असेल ते. शिवाय म्हण शेवटपर्यंत वाचतो. "दाम करी काम" छान वाटतं पण पुढे "बिबी करी सलाम" आहे आणि जुन्या लोकांना ते लगेच आठवतं. "आवळा देऊन कोहळा काढणे" हे मुलाच्या बाजूनं गंमतीचं वाटतं, थोडे द्या जास्त घ्या, पण बँकेनं म्हटलं की बँकच कोहळा काढतेय असं होतं. म्हण तीच असते, बोलणारा बदलला की अर्थ फिरतो.

७. गावाचा ताजा अनुभव विसरू नका

डिझायनरनं चित्र काढलं होतं, काठोकाठ भरून सांडणारा तलाव, मागे झाडं, कोणालाही अंबाझरी वाटेल असं. चित्र सुंदर होतं. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला आणि अंबाझरी लेआउटसारख्या भागांत घराघरात पाणी शिरलं, त्या लोकांना ओसंडणारा तलाव समृद्धीचा दिसणार नाही. त्यातली कितीतरी मुलं आता खातं उघडायच्या वयाची आहेत. आम्ही तलाव काढूनच टाकला. चित्रात एक हात, हातात मातीची गुल्लक आणि शेजारी पासबुक, एवढंच ठेवलं. म्हण कानानं तळं आणतेच, डोळ्यानं परत आणायची गरज नाही.

८. वेळ निवडा, मग दुसरी ओळ लिहा

आपल्याकडे मुलांच्या हातात स्वतःचे पैसे येतात तो दिवस ठरलेला आहे, तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी बैल सजवून घरोघर जातात आणि बोजारा मिळतो. संध्याकाळी मोजतात, कोणाचे दीडशे, कोणाचे साडेतीनशे, आणि दोन दिवसांत चिप्स आणि फटाकड्यांत संपतात. पुण्याच्या माणसाला बोजारा कळणार नाही, पण आपल्याला पुण्यात लावायचंच नव्हतं. म्हणून आम्ही मुख्य ओळीखाली लिहिलं:

थेंबे थेंबे खाते माझे
बोजाऱ्याचे पैसे माझे

दुसरी ओळ पण आठ अक्षरांची. बो-जा-ऱ्या-चे पै-से मा-झे. मुलांनी स्वतःच चाल लावून म्हटली.

त्याच दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक असते म्हणून एकानं सुचवलं की "उधळपट्टी घेऊन जा गे मारबत" करा. मला ते मनापासून आवडलं होतं. पण ती म्हण नाही, आरोळी आहे, आणि ती काय घालवायचं ते सांगते, काय करायचं ते नाही. शिवाय मारबतीचं शेवटी दहन होतं, त्याच्या शेजारी बँकेचं नाव नको. सोडून दिलं.

हिंदी घरांसाठी भाषांतर मागतील. आपल्या ओळीचं भाषांतर करू नका, ते बसत नाही. "बूँद बूँद से सागर भरता है" ही म्हण त्यांच्याकडे आहे, तिच्यावर हिंदीवाल्याकडून वेगळं काम करून घ्या.

९. छपाईआधी

"बोजाऱ्याचे" मधला ऱ्या बघा. जुन्या फॉन्टमध्ये नेलं की तो "बोजार्याचे" होतो, र वरती उडून य च्या डोक्यावर जातो, आणि वाचताना आर्या सारखा उच्चार होतो. डिझायनरला खाली बिंदू असलेला ऱ टाईप करायला सांगा आणि प्रूफ मोबाईलवर न बघता कागदावर बघा. "थेंबे" वरचा अनुस्वार मात्रेच्या गर्दीत हरवतो, तोही तपासा. अटी छापायच्या असतील तर स्लोगन मराठीत आणि अटी बारीक इंग्रजीत असं करू नका, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत लागतो.

१०. स्लोगन काउंटरवर नेऊन बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हे लेखकाचं काम नाही असं तुम्हाला सांगतील, तरी करा. तुम्ही थेंबे थेंबे म्हणताय, म्हणजे मुलाला सांगताय की लहान रक्कम घेऊन ये. मग खातं उघडायला पाचशे लागत असतील तर? कॅशियर चिल्लर घ्यायला कंटाळत असेल तर? मूल एकदा परत गेलं की ते चार शब्द खोटे झाले.

दुसरं, व्याजाबद्दल म्हणीला जास्त बोलू देऊ नका. बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात, पण दोनचारशे रुपयांवर ते अगदी थोडं येतं. तळं भरतं ते पोरगं पुन्हा पुन्हा टाकतं म्हणून. रोजचे पाच टाकले तर वर्षाचे १८२५ होतात, पॅम्प्लेटवर आम्ही हाच हिशोब दिला, व्याज न धरता. "वाढेल", "दुप्पट" असले शब्द कुठेच नाही.

मी मॅनेजर साहेबांना म्हटलं, सर, एक तर कमीत कमी रक्कम उतरवा नाही तर मला दुसरी म्हण शोधू द्या. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मुलांसाठी पन्नासवर आणली. तान्ह्या पोळ्यानंतर बँक उघडली त्या दिवशी सकाळी एक काउंटर फक्त चिल्लरसाठी ठेवला, टेबलावर स्टीलचं ताट, ज्यात मुलांनी आपापली नाणी ओतायची. चौथीतली एक पोरगी आईसोबत आली, रुमालाची गाठ सोडली, एक रुपया दोन रुपये पाच रुपये असे ढीग लावले, कॅशियरनं मोजून दोनशे सतरा सांगितले. तिनं मान हलवली आणि म्हणाली दोनशे अठरा आहेत. त्यानं पुन्हा मोजले. ताटाच्या कडेला एक नाणं चिकटलं होतं.